मॅनेजरांचा मधला थर काढायचा असेल, तर त्यांना सांगायचं कोणी आणि काय?

कंपनीत वरून निघालेली बातमी खालपर्यंत पोचते ती मधल्या साहेबांच्या तोंडून. पगारवाढ असो, नवीन नियम असो की कोणाची बदली, तालुक्याचा मॅनेजर आपल्या माणसांना चहाच्या टपरीवर जमवतो आणि समजावून सांगतो. पण तालुका मॅनेजरांचा थरच काढायचा ठरलं, तर नेहमीचा निरोप्याच नाहीसा होतो. ज्याने सांगायचं, बातमी त्याच्याचबद्दल आहे. बाकीच्या नोकरकपातीत ही अडचण येत नाही. या लेखात फक्त एवढाच प्रश्न घेतलाय.

उदाहरणासाठी एक कल्पित कंपनी धरू. यवतमाळ, वर्धा आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत ती शेतकऱ्यांकडून कापूस घेते आणि बियाणं-खतही विकते. वर तीन जिल्हा मॅनेजर, त्यांच्याखाली बारा तालुका मॅनेजर आणि त्यांच्याखाली गावोगाव फिरणारे 84 क्षेत्र सहायक. म्हणजे एका तालुका मॅनेजरकडे सात माणसं. कंपनीने ठरवलं की तालुका मॅनेजर हे पदच ठेवायचं नाही. बारापैकी चौघांना कापसाची प्रत आणि ओलावा तपासायच्या नव्या कामावर त्याच पगारात घ्यायचं आणि आठ जणांना सोडायचं.

सांगायला तोंड उघडण्याआधी कंपनीने कागद-पेन घेऊन एक हिशोब करायला हवा. तालुका मॅनेजर गेले की एका जिल्हा मॅनेजरखाली थेट 28 माणसं येतात. रोज 28 जणांचे फोन घेऊन, त्यांचे खर्च तपासून, वर शेतकऱ्यांची भांडणं मिटवणारा माणूस अजून जन्मला नाही. त्यामुळे तालुका मॅनेजर आज करतो ती कामं एकेक करून लिहायची आणि प्रत्येकापुढे मांडायचं : हे बंद होणार, हे सहायकाकडे जाणार, की हे जिल्ह्याकडे जाणार. रोजचा व्हॉट्सअ‍ॅप रिपोर्ट बंद. काट्यावरच्या छोट्या फरकाचा निर्णय सहायकाचा. चुकारा, म्हणजे शेतकऱ्याचे कापसाचे पैसे, अडला तर जिल्ह्याच्या हिशोबनिसाकडे. हा कागद तयार नसताना कंपनी सांगायला निघाली, तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतो, "मंग आता सही कोनाची घ्याची?" आणि व्यासपीठावरचे एकमेकांकडे पाहतात. त्या क्षणापासून पुढचं कोणी ऐकत नाही.

आता बातमी कोणत्या क्रमाने द्यायची ते पाहू. तीन जिल्हा मॅनेजरांना एक-दोन दिवस आधी, समोरासमोर बसवून सांगावं लागतं, कारण पुढे सगळ्यांना सांगणारे तेच आहेत. त्यांनाही भीती असते की पुढचा नंबर आपला. त्यामुळे त्यांच्या पदाचं काय, हे त्याच बैठकीत सांगून टाकावं. नंतर एका दिवशी, शक्यतो दुपारच्या आत, बाराही तालुका मॅनेजरांना सांगावं. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी 84 सहायकांना. आणि लगेच पाठोपाठ शेतकरी, जिनिंगवाले, दुकानदार यांना.

बाराही जणांना एकाच दिवशी सांगायचं कारण साधं आहे. आर्वीच्या मॅनेजरला दहा वाजता सांगितलं तर साडेदहाला पुलगावच्या मॅनेजरचा फोन वाजतो. ज्याला कंपनीच्या आधी दुसऱ्याकडून कळलं, तो नंतर मिळालेल्या खऱ्या कागदावरही विश्वास ठेवत नाही.

सोपी वाटणारी पण वाईट पद्धत म्हणजे "तातडीची मिटिंग" म्हणून बाराही जणांना जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावणं. हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत ऐकायचं, आणि मग तेच डोक्यात घेऊन पन्नास-साठ किलोमीटर मोटरसायकल चालवत घरी जायचं. माणसाला असं पाठवू नये. जिल्हा मॅनेजरने तालुक्याला जावं, ऑफिसात किंवा जिथे चार माणसं ऐकत नाहीत अशा जागी बसावं. एका जिल्ह्यात चार तालुके असले तर एका माणसाला दुपारपर्यंत चारही गाठणं होत नाही, म्हणून मुख्य ऑफिसातलं एक मोठं माणूस जोडीला घेऊन दोघांनी दोन-दोन वाटून घ्यावेत. फोनवर सांगू नये. मेळघाटात किंवा झरी-जामणीकडे कॉल "तुमची नोकरी" या शब्दांवर कटला तर पुढे काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दिवस कोणता निवडायचा यालाही महत्त्व आहे. दसरा-दिवाळीनंतर कापूस सुरू होतो, तेव्हा कंपनीच्याच सोयीचं नाही. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची धावपळ असते. राहतो तो एप्रिल-मे. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, म्हणून मुलांची शाळा बदलायची की भाड्याचं घर सोडायचं हे ठरवायला घरच्यांना थोडा वेळ मिळतो. पण त्याच महिन्यांत लग्नं असतात. ज्याच्या घरी पुढच्या आठवड्यात मांडव पडणार आहे, त्याला कसं सांगायचं हे आधी ठरवून ठेवावं. तारीख सगळ्यांसाठी एकच ठेवून त्याला आधी सांगायचं नाही, हे मला पटतं. मात्र त्याचा शेवटचा दिवस महिनाभर पुढे ढकलता येतो, आणि तसं करावं.

प्रत्यक्ष बोलणं अर्ध्या तासाचं असतं, पण मुख्य वाक्य पहिल्या दोन मिनिटांत यावं. हवापाण्याच्या, मार्केट कठीण असल्याच्या गप्पा करत दहा मिनिटं घालवली तर समोरच्याचा जीव टांगणीला लागतो. साधारण असं बोलावं :

"भाऊ, वाईट बातमी घेऊन आलो आहे. कंपनीने तालुका मॅनेजर हे पद बंद करायचं ठरवलं आहे. बाराही तालुक्यांत. तुमचं पद 31 मेला संपेल. चौघांना प्रत तपासणीच्या कामावर घेतलं आहे, त्यात तुमचं नाव नाही. हा निर्णय झालेला आहे, आज चर्चेने तो बदलणार नाही. तुमचे पैसे, कागद आणि तारखा यावर आता सविस्तर बोलू. आधी तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

मग गप्प बसावं. हे सांगणाऱ्याला जड जातं. समोरचा बोलत नसला की आपण भरभर बोलून जागा भरतो आणि नको ती आश्वासनं देऊन बसतो. "बघू काहीतरी", "मी वर बोलतो", "सीझनमध्ये तुम्हालाच बोलावणार" ही तीन वाक्यं दयेपोटी निघतात, पण ऐकणारा ती घरी जाऊन बायकोला सांगतो आणि दुसरी नोकरी शोधायचं महिनाभर पुढे ढकलतो.

पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा येतो : "माह्यावरच काऊन? मी का कमी काम केलं?" याचं उत्तर खरं असायला हवं. चौघांची निवड कशावरून केली, ते आधी लिहून ठेवलेलं असावं. समजा ओलावामापक वापरण्याचा अनुभव आणि प्रतवारीचं काम किती केलं यावरून निवड झाली, तर तसं सांगावं : "चौघांनी गेल्या हंगामात काट्यावर प्रतवारी स्वतः केली होती. तुमचं काम वसुली आणि शेतकऱ्यांशी संबंध यात चांगलं होतं, पण ते काम आता स्वतंत्र पद म्हणून राहत नाही." पण निवड कामगिरीच्या गुणांवरून झाली असेल, तर "तुमच्या कामगिरीचा यात काही संबंध नाही" हे सर्रास वापरलं जाणारं वाक्य सरळ खोटं ठरतं. आणि ते टिकत नाही, कारण बारा जण संध्याकाळपर्यंत एकमेकांना फोन करून कोण राहिलं, कोण गेलं याची यादी जुळवतात.

"आपण सारे एक कुटुंब" हे वाक्यही त्या दिवशी बॅगेतच ठेवावं. कुटुंबातून कोणी 31 मे ही तारीख देऊन काढत नाही.

आता पैशाचं. इथे प्रामाणिकपणाची खरी परीक्षा असते, आणि इथेच गोलमाल सगळ्यात जास्त होतो. एक उदाहरण मांडतो. मॅनेजरची नोकरी 11 वर्षं 8 महिने. महिन्याचा एकूण पगार 40,000, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000. नेमणूकपत्रात दोन महिन्यांची नोटीस लिहिलेली. 22 दिवसांची रजा शिल्लक.

ग्रॅच्युइटीचा हिशोब असा : 26,000 ला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे 15,000. शेवटचे आठ महिने सहा महिन्यांपेक्षा जास्त असल्याने पूर्ण वर्ष धरायचं, म्हणून बारा वर्षं. ग्रॅच्युइटी 1,80,000. शिल्लक रजेचे, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 26 दिवसांचा महिना धरून, 22,000. नोटिशीचे दोन महिने काम न करवता पैसे दिले तर 80,000. आणि कंपनी स्वतःहून सेवेच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार देणार असेल, तर 20,000 गुणिले 12, म्हणजे 2,40,000. बेरीज 5,22,000, कर वेगळा.

कंपनीच्या पत्रकात बहुधा लिहून येतं, "कर्मचाऱ्यांना सव्वापाच लाखांचं भरघोस पॅकेज." पण यातले 2,82,000 त्याचेच आहेत. ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते, रजा आणि नोटीस नेमणूकपत्र आणि नियमांप्रमाणे. कंपनी जास्तीचं देते ते फक्त 2,40,000. म्हणून कागदावर दोन रकाने हवेत : "तुमचं येणं" आणि "कंपनी जास्तीचं देत आहे". असं दाखवलं तर रक्कम छोटी दिसते, हे कबूल आहे. पण मॅनेजर मंडळी रोज शेतकऱ्याच्या हिशोबपट्ट्या करतात. त्यांना बेरीज शिकवायला जाऊ नये.

शिवाय त्या 2,40,000 बद्दलही एक प्रश्न उरतो. कायद्यात कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे पैसे आणि सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावीच लागते. ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारा त्यात येत नाही. देखरेखीचं काम करणारा महिना 18,000 च्या वर पगार घेत असेल तर तोही येत नाही. पण नुसतं पदाचं नाव "मॅनेजर" आहे म्हणून प्रश्न मिटत नाही, माणूस प्रत्यक्षात मुख्यतः कोणतं काम करत होता हे पाहिलं जातं. तालुक्याचा कितीतरी "मॅनेजर" दिवसभर स्वतः काट्यावर उभा राहून वजन लिहितो, पट्ट्या बनवतो, ना कोणाला रजा मंजूर करू शकतो ना नेमू शकतो. अशा माणसाच्या बाबतीत कंपनीने वकिलाचं मत आधी घ्यावं. भरपाई त्याचा हक्क निघाली, तर ती "सद्भावनेने देत आहोत" असं पत्रात लिहायचं नाही. मॅनेजरानेही आपलं रोजचं काम काय होतं हे दाखवणारे कागद, मेसेज जपून ठेवावेत आणि शंका असली तर कामगार कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारावं.

एका गोष्टीवर मी थोडा अडून बसतो. "तुमच्याच रेकॉर्डसाठी चांगलं राहील, राजीनामा लिहून द्या" असं सांगायची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे. पद कंपनीने बंद केलं असेल तर पत्र कंपनीचं निघालं पाहिजे, आणि त्यात "पद रद्द झाल्याने सेवा समाप्त" असंच लिहिलेलं असलं पाहिजे. राजीनाम्यावर "स्वेच्छेने" लिहून सही झाली की भरपाईचा दावा करणं अवघड होतं. म्हणून त्या दिवशी कोणाकडूनही सही मागू नये. फक्त पत्र मिळाल्याची पोच घ्यावी. हिशोबाचा कागद मराठीत द्यावा, घरी नेऊ द्यावा, मुलाला, भाच्याला, ओळखीच्या वकिलाला दाखवू द्यावा, आणि आठवड्याने परत भेटायची तारीख ठरवावी.

त्या कागदावर काही बारीक गोष्टी हव्यात, ज्या शहरातल्या एचआरच्या लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे सिमकार्ड. कंपनीने दिलेला नंबर बहुतेकांनी बँकेला, पीएफच्या यूएएनला आणि आधारला जोडलेला असतो. सिम त्याच दिवशी काढून घेतलं तर ओटीपी येत नाही आणि स्वतःचेच पीएफचे पैसे अडकतात. नंबर त्यांच्या नावावर करून द्यावा, नाहीतर निदान दोन महिने चालू ठेवावा. दुसरी, गटविमा. म्हाताऱ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर विमा नेमका कोणत्या तारखेपर्यंत आहे हे ठळक लिहावं, आणि तो संपण्याआधी वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो का हे विमा कंपनीकडे विचारायला सांगावं. तिसरी, मोटरसायकलचं कर्ज कंपनीमार्फत असेल तर उरलेला हप्ता हिशोबातून एकदम कापणार की चालू ठेवणार. एकदम कापून हातात कमी रक्कम आली आणि आधी कोणी सांगितलंच नव्हतं, की इतर सगळं नीट केलेलंही वाया जातं.

आता गावाचा भाग. शहरात नोकरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दिसत नाही. इथे तो रविवारी बाजारात दिसतो, आणि ज्या शेतकऱ्याला त्याने "वजनातली तूट पुढच्या आठवड्यात भरून देतो" असं तोंडी सांगितलं होतं, तो त्याला भाजीच्या दुकानासमोर थांबवतो. तालुका मॅनेजरची निम्मी कामं अशाच तोंडी शब्दांवर चालतात. कोणाला दहा पाकिटं बियाणं उधार, कोणाचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तरी कापूस परत पाठवणार नाही असा शब्द, कोणाचा चुकारा लग्नाच्या आधी काढायचं वचन. यातलं काही संगणकात नसतं.

म्हणून जाण्याआधीच्या दिवसांत मॅनेजर आणि जिल्हा मॅनेजर यांनी बसून या सगळ्या शब्दांची एक यादी करायची : शेतकऱ्याचं नाव, गाव, काय सांगितलं होतं, किती रक्कम. कंपनीने प्रत्येक ओळीपुढे लिहायचं, मान्य की नाही. आणि मॅनेजरच्या हातात सही-शिक्क्याचं एक पत्र द्यायचं : "यादीतील मान्य देणी कंपनीची आहेत. संबंधितांनी जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. यासाठी माजी तालुका मॅनेजर व्यक्तिशः जबाबदार नाहीत." हे पत्र त्याच्या खिशात असणं त्याला आभाराच्या ट्रॉफीपेक्षा जास्त कामाचं आहे. यादी करायच्या दिवसांचा पगार अर्थातच द्यायचा. आणि नकार लिहिलेल्या ओळींबद्दल शेतकऱ्याला कंपनीनेच जाऊन सांगायचं, ते काम जाणाऱ्यावर टाकायचं नाही.

राहिले 84 सहायक. त्यांच्या डोक्यात दोनच प्रश्न असतात : आपल्या साहेबाचं काय झालं, आणि आपलं काय होणार. जिल्हा मॅनेजरने 28 जणांसमोर एकदम भाषण करण्यापेक्षा तालुकावार सात-सात जणांना भेटावं. तिथे मॅनेजरबद्दल एवढंच बोलावं जेवढं त्याने स्वतः मान्य केलं आहे. कोणाला किती पैसे मिळाले हे तिथे सांगायचं नाही. स्वतःच्या नोकरीबद्दल त्यांनी विचारलं आणि कंपनीने पुढच्या वर्षाचा विचारच केलेला नसेल, तर "तुम्हाला काही धोका नाही" म्हणू नये. "या हंगामापर्यंत सहायकांची संख्या कमी करायचं ठरलेलं नाही. त्यापुढचं आज ठरलेलं नाही" एवढं खरं आहे, तर एवढंच बोलावं. मग तो आधी बनवलेला कागद पुढे करावा, कोणता निर्णय आता कोणाचा.

हे बिघडतंय की जमतंय, हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फोनवरून कळतं. सहायक अजूनही जुन्या मॅनेजरलाच फोन करून विचारत असतील, आणि तो बिचारा घरी बसून फुकटात उत्तरं देत असेल, तर निर्णय खाली पोचलेलाच नाही. चुकारे अडायला लागले, किंवा प्रत्येक छोट्या फरकासाठी जिल्ह्याची मंजुरी लागायला लागली, तर काढलेल्या थराचं काम कोणीच उचललेलं नाही. उलट सगळं शांत असेल तेही फार चांगलं लक्षण मानू नये. आपल्याकडे माणसं रागावली की समोर बोलत नाहीत, फोन उचलणं बंद करतात. जिल्हा मॅनेजरने ठरलेल्या दिवशी परत तालुक्याला जावं आणि आठही जणांना पुन्हा भेटावं. दुसऱ्या भेटीत खरे प्रश्न निघतात, कारण पहिल्या भेटीतलं निम्मं कानावर पडलेलंच नसतं.

त्या दुसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास येतो. "ऑक्टोबरात कापूस चालू झाला का तुमाले मानसं लागनच. तवा आमाले बोलावसान का?" आणि कंपन्या खरोखरच असं करतात. थर काढतात आणि सीझनमध्ये ठेकेदारामार्फत तीच माणसं कमी पैशात परत आणतात. कामगारांच्या बाबतीत कायदाच सांगतो की कमी केलेल्यांना पुन्हा भरतीच्या वेळी संधी द्यावी. मॅनेजरांना तो लागू नसला तरी कंपनी स्वतः लिहून देऊ शकते. पण ठरलं असेल तरच. ठरलं असेल तर पत्रात असं असावं : "हंगामी भरती केली तर आधी या आठ जणांना 15 सप्टेंबरपर्यंत फोनवर कळवू. काम, मुदत आणि पैसे तेव्हा लेखी देऊ. 15 सप्टेंबरपर्यंत फोन आला नाही, तर यंदा भरती नाही असं समजावं." ठरलं नसेल, तर उत्तर "नाही भाऊ, आमच्या भरवशावर थांबू नका" एवढंच.